एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये नव्या ओळी का येत नाहीत? कारण काय, कसं ओळखायचं आणि कायमचा उपाय कोणता

एक्सेलच्या शीटमध्ये तुम्ही नव्या नोंदी भरता, पिव्होट टेबलवर जाऊन रिफ्रेश करता, तरीही बेरीज जुनीच दिसते. एररचा मेसेज येत नाही, लाल खूण दिसत नाही. पिव्होट नेहमीसारखा नीटनेटका असतो, फक्त आकडा चुकीचा असतो.

थोडक्यात उत्तर असं आहे. पिव्होट बनवताना एक्सेलने तुमच्या डेटाचा पत्ता लिहून ठेवलेला असतो, उदाहरणार्थ पहिल्या ओळीपासून 65व्या ओळीपर्यंत. तुम्ही 66व्या ओळीत नवी नोंद केलीत तरी तो पत्ता 65वरच थांबतो. रिफ्रेश केल्यावर एक्सेल पुन्हा तेवढ्याच ओळी वाचतो. डेटाचं रूपांतर एक्सेलच्या 'टेबल'मध्ये करणं आणि पिव्होटला ओळींच्या आकड्यांऐवजी त्या टेबलचं नाव देणं, हा यावरचा कायमचा उपाय आहे.

हे नेमकं कसं घडतं, ते एका हिशेबावरून पाहू.

उदाहरण: सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब

समजा, 24 फ्लॅटची एक सोसायटी आहे आणि दर महिन्याचा मेंटेनन्स प्रत्येक फ्लॅटला 2,500 रुपये आहे. खजिनदारांनी एक्सेलमध्ये `Jama` नावाची शीट ठेवली आहे. तिच्यात पाच कॉलम आहेत: तारीख, फ्लॅट, महिना, रक्कम आणि प्रकार, म्हणजे पैसे यूपीआयने आले, चेकने आले की रोख. पैसे आले की खाली एक ओळ वाढते.

एप्रिल आणि मे या दोन्ही महिन्यांचे सगळे पैसे आले, म्हणजे 48 नोंदी झाल्या. जूनमध्ये 16 जणांनी पैसे भरले तेव्हा एकूण 64 नोंदी होत्या. वरची शीर्षकाची ओळ धरून डेटा 65व्या ओळीपर्यंत पोचला. त्या दिवशी खजिनदारांनी `Ahwal` नावाच्या दुसऱ्या शीटवर पिव्होट बनवला. डाव्या बाजूला फ्लॅट, वर महिने आणि आत रकमेची बेरीज. एकूण 1,60,000 रुपये दिसले आणि ते बरोबर होतं.

पुढच्या काही दिवसांत उरलेल्या आठ जणांनीही जूनचे पैसे भरले. त्यांच्या नोंदी 66 ते 73 या ओळींत गेल्या. आता खरी जमा 72 गुणिले 2,500, म्हणजे 1,80,000 रुपये आहे. पण पिव्होट अजूनही 1,60,000च दाखवतो आणि त्या आठ फ्लॅटांसमोर जूनची चौकट रिकामी असते.

याच पिव्होटवरून थकबाकीची यादी काढून नोटीस बोर्डावर किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर पैसे भरलेल्या आठ कुटुंबांची नावं थकबाकीदार म्हणून जाहीर होतात. पावत्या त्यांच्या हातात असतात, बँकेत पैसे जमा असतात, खजिनदारांच्या शीटमध्येही नोंद असते. चूक फक्त पिव्होटच्या पत्त्यात असते आणि तो पत्ता समोर कुठेच दिसत नाही.

पिव्होट थेट तुमची शीट वाचत नाही

पिव्होट टेबल म्हणजे शीटकडे उघडलेली खिडकी, असं अनेकांना वाटतं. शीटमध्ये काही बदललं की खिडकीतून लगेच दिसेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पिव्होट बनतो तेव्हा एक्सेल तुमच्या डेटाची एक वेगळी प्रत करून फाइलमध्ये ठेवतो. या प्रतीला पिव्होट कॅश म्हणतात. पिव्होटमधल्या सगळ्या बेरजा या प्रतीवरून होतात, मूळ शीटवरून नाही.

म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे डेटाची प्रत आणि दुसरी म्हणजे ती प्रत कुठून काढायची याचा पत्ता. रिफ्रेश दाबल्यावर एक्सेल जुनी प्रत टाकून देतो आणि लिहून ठेवलेल्या पत्त्यावर जाऊन नवी प्रत काढतो. पत्ता बदलणं हे रिफ्रेशचं काम नाही. आपल्या उदाहरणात तो पत्ता असा आहे:

```
Jama!$A$1:$E$65
```

यातली डॉलरची चिन्हं सांगतात की जागा पक्की आहे. A1पासून E65पर्यंतच्या चौकोनात जे असेल ते घ्यायचं, त्याबाहेर काही असलं तरी तिकडे पाहायचं नाही. 66व्या ओळीत नोंद आहे का, हे एक्सेल तपासतही नाही, कारण तसं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

हा पत्ता बहुतेक वेळा आपण स्वतः टाइप केलेला नसतो. डेटामधल्या एखाद्या सेलवर क्लिक करून `Insert` टॅबमधून `PivotTable` निवडलं की एक्सेल आजूबाजूचा सलग भरलेला भाग स्वतःच ओळखतो आणि तो पत्ता चौकटीत भरतो. त्या दिवसापुरता तो अचूक असतो. आपण न वाचता `OK` करतो आणि त्या दिवसाची शेवटची ओळ हीच पुढे कायमची सीमा होऊन बसते.

रिफ्रेश चालतोय असं दिसतं, म्हणून जास्त गोंधळ होतो

पत्ता पक्का असला तरी रिफ्रेश बंद पडलेला नसतो. समजा, 40व्या ओळीत चुकून 2,500ऐवजी 250 पडले होते. खजिनदारांनी ते दुरुस्त केलं आणि रिफ्रेश केलं, तर पिव्होटमध्ये लगेच बरोबर आकडा येतो, कारण 40वी ओळ चौकोनाच्या आत आहे. असं एकदा झालं की रिफ्रेश केल्यावर सगळं अद्ययावत होतं, असा पक्का समज होतो.

आणखी एका प्रकारे हा समज घट्ट होतो. एखाद्याने नवी नोंद शेवटी न करता मधेच ओळ इन्सर्ट करून केली, तर चौकोन आपोआप एका ओळीने मोठा होतो आणि ती नोंद पिव्होटमध्ये येते. त्यामुळे एकाच फाइलमध्ये काही नव्या नोंदी दिसतात आणि काही दिसत नाहीत. मग कारण शोधताना लोक फॉर्म्युल्यांवर, फाइलवर किंवा कॉम्प्युटरवर संशय घेतात.

सगळ्यात फसवा प्रकार सॉर्टिंगचा आहे. आपल्या उदाहरणात कोणीतरी `Jama` शीट तारखेनुसार उलटी लावली, म्हणजे ताज्या नोंदी वर आणि जुन्या खाली. आता जूनच्या 24 नोंदी वरती गेल्या आणि 66 ते 73 या ओळींत एप्रिलच्या सगळ्यात जुन्या आठ नोंदी आल्या. रिफ्रेश केल्यावर जूनचा हिशेब पूर्ण दिसतो, पण एप्रिल महिना 60,000ऐवजी 40,000वर येतो. कालपर्यंत जूनसाठी आठ जण थकबाकीदार होते, आज एप्रिलसाठी दुसरेच आठ जण झाले.

एकूण बेरीज मात्र दोन्ही वेळा 1,60,000च राहते, कारण वगळलेल्या ओळींची संख्या आणि रक्कम सारखीच आहे. फक्त खालची एकूण रक्कम पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही.

जुलैचा महिना पूर्ण सुरू झाला तरी पिव्होटमध्ये जुलैचा कॉलमच आला नाही, तर ते कोणाच्याही लक्षात येईल. धोका असतो तो महिना अर्धवट असताना पिव्होट बनवला की. तेव्हा सगळे महिने दिसतात, सगळे फ्लॅट दिसतात आणि आकडाही शक्य वाटतो.

तुमच्या फाइलमध्ये हीच अडचण आहे का? असं तपासा

पहिली तपासणी साध्या बेरजेची आहे. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये रकमेच्या संपूर्ण कॉलमची बेरीज करा. आपल्या उदाहरणात रक्कम D कॉलममध्ये आहे:

```
=SUM(Jama!D:D)
```

शीर्षकातला 'रक्कम' हा शब्द बेरजेत धरला जात नाही, त्यामुळे तो वेगळा काढायची गरज नाही. उत्तर 1,80,000 आलं आणि पिव्होट 1,60,000 दाखवत असेल, तर फरक 20,000चा आहे. त्याला 2,500ने भागलं की आठ नोंदी बाहेर राहिल्याचं कळतं. शीटच्या तळाशी हाताने केलेली 'एकूण'ची ओळ असेल, तर ती या बेरजेत दुप्पट धरली जाईल, म्हणून आधी ती काढून टाका.

दुसरी तपासणी म्हणजे पिव्होटने कोणत्या नोंदी घेतल्या आहेत ते प्रत्यक्ष पाहणं. पिव्होटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या एकूण बेरजेच्या सेलवर डबल क्लिक करा. एक्सेल एक नवी शीट उघडून त्या बेरजेमागची प्रत्येक ओळ तिथे मांडतो. तिथे 72ऐवजी 64 ओळी दिसल्या की प्रश्नच मिटला. कोणती नोंद राहिली तेही इथे शोधता येतं. पाहून झालं की ही शीट डिलीट केली तरी मूळ डेटाला काही होत नाही.

तिसरी तपासणी पत्त्याची आहे आणि खरं कारण तीच दाखवते. पिव्होटच्या आत कुठेही क्लिक करा. वरच्या पट्टीत `PivotTable Analyze` टॅब येतो. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव `Analyze` किंवा `Options` असं असतं. तिथे `Change Data Source` दाबा. `Table/Range` नावाच्या चौकटीत पत्ता दिसेल आणि मागे एक्सेल तुम्हाला मूळ शीटवर नेऊन त्या भागाभोवती हलणारी तुटक रेघ दाखवेल. ती रेघ तुमच्या शेवटच्या नोंदीच्या आधीच संपत असेल, तर अडचण हीच आहे. चौकटीत ओळींचे आकडे न दिसता एखादं नाव दिसलं, तर पिव्होट बहुधा आधीच टेबलला जोडलेला आहे आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

कायमचा उपाय: डेटा टेबलमध्ये बदला, मग पिव्होटला टेबलचं नाव द्या

इथे 'टेबल' हा शब्द एक्सेलच्या एका खास सोयीसाठी वापरला आहे. ओळी आणि कॉलम आहेत, बॉर्डर काढली आहे, हेडिंगला रंग दिला आहे, म्हणजे ते टेबल झालं असं नाही. एक्सेलच्या दृष्टीने टेबल म्हणजे नाव असलेला आणि स्वतःची सीमा जाणणारा डेटा. त्याच्या लगेच खाली काही लिहिलं की त्याची सीमा आपोआप एक ओळ खाली सरकते.

टेबल करण्याआधी शीटवर एक नजर टाका. प्रत्येक कॉलमला वेगळं शीर्षक हवं, मधे पूर्ण रिकामी ओळ नको आणि तळाशी हाताने लिहिलेली 'एकूण'ची ओळ नको. ती ओळ राहिली तर टेबल तिलाही एक नोंद समजेल आणि पिव्होटमधली बेरीज दुप्पट होईल.

आता डेटामधल्या कोणत्याही सेलवर क्लिक करा आणि `Ctrl+T` दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात `My table has headers` या ओळीपुढे टिक आहे का आणि दाखवलेला भाग शेवटच्या ओळीपर्यंत, म्हणजे E73पर्यंत जातो का, हे पाहा. मग `OK` करा. डेटाला पट्ट्यापट्ट्यांचा रंग येईल आणि शीर्षकांवर फिल्टरचे बाण दिसतील. रंग आवडला नाही तर नंतर बदलता येतो, त्याचा कामाशी संबंध नाही.

यानंतर टेबलला नाव द्या. टेबलमध्ये क्लिक केलं की वर `Table Design` टॅब दिसतो आणि डाव्या टोकाला `Table Name` असतं. एक्सेलने `Table1` असं काहीतरी नाव दिलेलं असेल. ते पुसून `JamaTable` लिहा आणि एंटर दाबा. नावात मोकळी जागा चालत नाही.

पुढची पायरी बरेच जण विसरतात. टेबल केलं म्हणजे आधीचा पिव्होट त्याच्याशी जोडला गेला, असं गृहीत धरू नका. पिव्होटमध्ये क्लिक करा, `PivotTable Analyze` मधून `Change Data Source` उघडा आणि `Table/Range` च्या चौकटीतला सगळा मजकूर पुसून फक्त हे नाव लिहा:

```
JamaTable
```

एक छोटीशी सूचना. या चौकटीत डावी-उजवीकडे जाण्यासाठी बाणाची कळ दाबली, तर एक्सेल मधेच भलत्या सेलचा पत्ता घुसवतो. म्हणून सगळं सिलेक्ट करून एकदम नवं नाव टाइप करणं सोपं. मधेच दुरुस्ती करायचीच असेल, तर आधी `F2` दाबा.

`OK` केल्यावर आपल्या उदाहरणातला पिव्होट 1,80,000 दाखवेल आणि जूनचा कॉलम 40,000वरून 60,000वर जाईल. यापुढे 74व्या ओळीत जुलैची पहिली नोंद केली की टेबल तिथपर्यंत वाढेल. पिव्होट रिफ्रेश केला की ती नोंद त्यात दिसेल.

रिफ्रेश मात्र करावंच लागतं, कारण टेबलमुळे पत्ता सुधारतो, प्रत आपोआप नवी होत नाही. पिव्होटमध्ये क्लिक करून `Alt+F5` दाबलं की तो पिव्होट अद्ययावत होतो आणि `Ctrl+Alt+F5` दाबलं की फाइलमधले सगळे. विसरायची भीती असेल तर पिव्होटवर राइट क्लिक करून `PivotTable Options` उघडा आणि `Data` टॅबमध्ये `Refresh data when opening the file` ला टिक करा. मग फाइल उघडताच पिव्होट ताजा होईल. फाइल उघडी असताना नव्या नोंदी केल्या, तर मात्र रिफ्रेश हातानेच करायचा.

एकाच डेटावर अनेक पिव्होट असतील तर

बऱ्याच फाइलमध्ये एका डेटावरून तीन-चार पिव्होट काढलेले असतात: फ्लॅटनुसार, महिन्यानुसार, पैसे कसे आले त्यानुसार. त्यातल्या एकाचा पत्ता बदलला म्हणून बाकीच्यांचा बदलत नाही. प्रत्येक पिव्होटमध्ये जाऊन `Change Data Source` तपासा. नाहीतर एक पिव्होट 1,80,000 सांगेल, दुसरा 1,60,000 आणि सभेत वाद होईल तो कोणता खरा यावर.

पिव्होटांना स्लायसर, म्हणजे फिल्टरची बटणं जोडलेली असतील आणि एकच स्लायसर दोन-तीन पिव्होटांना लावलेला असेल, तर एक्सेल पत्ता बदलू देत नाही आणि आधी फिल्टरची जोडणी काढा, असं सांगतो. अशा वेळी `PivotTable Analyze` मधल्या `Filter Connections` मध्ये जाऊन टिक काढा. सगळ्या पिव्होटांना टेबलचं नाव द्या आणि मग टिक परत लावा.

टेबल केलं, तरी ते वाढत नाही. का?

टेबल कुठे संपतं हे पाहायची सोपी खूण आहे. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसं कोन असतं. नवी नोंद त्या कोनाच्या खाली राहिली असेल, तर ती टेबलमध्ये नाही. असं होण्याची चार नेहमीची कारणं आहेत.

पहिलं, टेबल आणि नवी नोंद यांच्या मधे एक ओळ रिकामी सुटली आहे. टेबल फक्त लगेच खालच्या ओळीपर्यंत वाढतं. मधे जागा राहिली की ती नोंद वेगळी समजली जाते.

दुसरं, टेबलची `Total Row` चालू आहे. तिच्या खाली लिहिलेलं टेबलमध्ये जात नाही. अशा वेळी बेरजेच्या वरच्या ओळीतल्या शेवटच्या सेलवर जाऊन `Tab` दाबा, म्हणजे बेरजेच्या वर नवी ओळ तयार होईल.

तिसरं, आपोआप वाढायची सोय बंद झाली आहे. टेबल वाढताना बाजूला एक छोटं बटण येतं आणि त्यात टेबल वाढवणं थांबवा असा पर्याय असतो. कोणीतरी तो चुकून निवडला की सोय बंदच राहते. ती परत सुरू करायला `File`, `Options`, `Proofing`, `AutoCorrect Options` असं जाऊन `AutoFormat As You Type` या टॅबमध्ये `Include new rows and columns in table` ला टिक करा.

चौथं, शीटला पासवर्ड लावून प्रोटेक्ट केलं आहे. प्रोटेक्ट केलेल्या शीटवर सेल उघडे ठेवले तरी टेबल वाढत नाही. नोंदी करताना प्रोटेक्शन काढावं लागतं. टेबलच्या सोयीची ही खरी मर्यादा आहे.

आधीच बाहेर राहिलेल्या ओळी आत घ्यायच्या असतील, तर कोपऱ्यातला तो कोन माउसने धरून खाली ओढा. किंवा `Table Design` मधल्या `Resize Table` मध्ये नवी सीमा द्या.

पूर्ण कॉलमच निवडला तर चालणार नाही का?

हा उपाय सोशल मीडियावर खूप फिरतो. पत्त्यात `Jama!$A:$E` लिहा, म्हणजे खाली कितीही ओळी वाढल्या तरी त्या आत येतील. नव्या ओळी येतात हे खरं आहे. पण त्याबरोबर खालच्या लाखो रिकाम्या ओळीही पत्त्यात येतात. पिव्होटमध्ये कंसात लिहिलेला `blank` नावाचा एक जादा फ्लॅट आणि एक जादा महिना दिसू लागतो. तो फिल्टरने लपवावा लागतो. लपवण्यासाठी हाताने टिक-टिक केलेला फिल्टर पुढे वेगळीच अडचण करतो, ती लगेच पुढे पाहू.

काही जण पत्ता 65ऐवजी 1000पर्यंत वाढवून ठेवतात. त्यातही रिकाम्या ओळी येतातच आणि 1001वी नोंद झाली की मूळ दुखणं परत सुरू होतं. तोपर्यंत हिशेब कदाचित दुसऱ्याच खजिनदारांच्या हातात असेल आणि हा आकडा कोणी टाकला होता हे त्यांना माहीतही नसेल.

दिसायला अशीच, पण कारण वेगळं

पत्ता बरोबर असूनही नवी नोंद दिसत नसेल, तर दोन गोष्टी पाहा.

पहिली म्हणजे फिल्टर. पिव्होटमध्ये महिन्यांच्या यादीतून तुम्ही एप्रिल, मे, जून एवढ्यांनाच हाताने टिक केलं असेल, तर नंतर आलेला जुलै आपोआप टिक होईलच असं नाही. तो डेटात येतो, पण लपलेला राहतो. फिल्टरची यादी उघडा आणि नवं नाव बिनटिकेचं आहे का पाहा. हवं तर त्या फील्डवर राइट क्लिक करून `Field Settings` मध्ये `Include new items in manual filter` ला टिक करा.

दुसरी म्हणजे मजकूर झालेले आकडे. व्हॉट्सॲपवरून किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधून पेस्ट केलेली रक्कम कधीकधी एक्सेलला आकडा वाटत नाही. फ्लॅटचं नाव पिव्होटमध्ये येतं, पण त्यापुढची रक्कम बेरजेत धरली जात नाही. अशी रक्कम सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, तर खरा आकडा सहसा उजवीकडे असतो. ही खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: ओळच आली नाही तर पत्ता किंवा फिल्टर पाहा, ओळ आली पण बेरीज वाढली नाही तर आकडे पाहा.

यादी बाहेर पाठवण्याआधी: एका सेलची राखण

टेबल केल्यानंतरही कोणी रिफ्रेश विसरू शकतं किंवा एखादी ओळ टेबलबाहेर पडू शकते. म्हणून पिव्होटच्या शेजारच्या एखाद्या मोकळ्या सेलमध्ये हा फॉर्म्युला कायम ठेवून द्या. पिव्होट `Ahwal` शीटवर A3 सेलपासून सुरू होतो, असं इथे धरलं आहे:

```
=SUM(Jama!D:D)-GETPIVOTDATA("रक्कम",Ahwal!$A$3)
```

पहिला भाग शीटमधली सगळी रक्कम मोजतो, मग ती टेबलमध्ये असो वा बाहेर. मात्र त्यासाठी त्या कॉलममध्ये टेबलची `Total Row` किंवा दुसरी कुठली बेरीज नको. दुसरा भाग पिव्होटमधली एकूण बेरीज आणतो. त्यासाठी पिव्होटमध्ये एकूण बेरीज दिसत असायला हवी, नाहीतर `#REF!` येईल. सगळं ठीक असेल तर उत्तर शून्य. आपल्या उदाहरणात दुरुस्तीआधी इथे 20,000 दिसले असते. पिव्होटवर मुद्दाम फिल्टर लावला असेल तरी फरक दिसेल, म्हणून तपासताना फिल्टर काढून पाहा.

सॉर्टिंगमुळे दुसऱ्याच आठ नोंदी बाहेर गेल्या होत्या, तेव्हा पिव्होटची एकूण रक्कम बदलली नव्हती. या सेलमध्ये मात्र तेव्हाही 20,000च दिसले असते. नेमकं कोण राहिलं हे तो सांगत नाही, त्यासाठी एकूण बेरजेवर डबल क्लिक करून ओळी पाहाव्या लागतात. पण कोणीतरी राहिलं आहे एवढं तो नक्की सांगतो. शून्य दिसेपर्यंत थकबाकीची यादी ग्रुपवर टाकू नका.